मदत हवी आहे: शब्दकोड्यात 'त्र्यंबकेश्वर' पक्के आहे, तरी पुढे सरकत नाही

पंचवटीकर:
रविवारचे कोडे आहे. ७ आडवा: 'महाराष्ट्रातील ज्योतिर्लिंग', पाच घरे. नाशिककराला दुसरे काय सुचणार! त्र्यं-ब-के-श्व-र बरोबर बसते. शेवटच्या घरातून खाली 'सूर्य', दोन घरे, म्हणजे रवी. तेही जुळले. पण दुसऱ्या घरातून खाली 'अति तेथे ___' आहे, तिथे अडलो. कोडेच चुकले आहे का?

आडवाउभा:
कोडे बरोबर आहे, तुमचा क्रम उलटा आहे. 'अति तेथे' म्हटले की 'माती'च, दुसरे उत्तर नाही. म्हणजे ७ आडव्याचे दुसरे घर 'मा'. आता पाच घरांचे दुसरे ज्योतिर्लिंग आठवा: भी-मा-शं-क-र. घृष्णेश्वर चारच घरांत संपते. रवी जुळला, कारण दोन्ही नावांच्या शेवटी 'र' आहे. दोन पर्यायांत फरक करणारे घर जोवर हाती नाही, तोवर जुळलेले अक्षर काहीच सिद्ध करत नाही.

म्हणून पहिल्या फेरीत आडवे-उभे दोन्हीकडचे फक्त गाळलेल्या जागांचे संकेत भरायचे. लांब शब्द कितीही ओळखीचा वाटला, तरी थांबायचे.

मोगरा_सिडको:
एवढे कशाला? आधी सगळे दोन घरांचे शब्द भरून टाकायचे.

आडवाउभा:
अर्धे खरे. 'सूर्य' दोन घरांत रवी, भानू, मित्र, अर्क असा चार तऱ्हांनी बसतो. छोटा शब्द सोपा असेलच असे नाही. म्हणीत मात्र आजूबाजूचे शब्दच उत्तर बांधून ठेवतात. तिथेही रूप बघा. 'नाव मोठे' छापले असेल तर 'खोटे', 'मोठं' असेल तर 'खोटं'. नाहीतर शेवटचे घर बिघडते आणि त्यातून जाणारा आडवा शब्दही.

रमाकाकू:
आमच्या नातीच्या इंग्रजी कोड्यात अनेकवचन असले की शेवटी एस लिहून ठेवतात. मराठीत तसे काही?

आडवाउभा:
नाही काकू. इथे एका घरात मात्रेसकट आख्खे अक्षर जाते आणि अनेकवचन कधी आ, कधी ए, कधी जसेच्या तसे.

मोगरा_सिडको:
पण आडवे आधी की उभे?

आडवाउभा:
मी आडवे आधी घेतो. उभ्यापासून सुरू करणारेही तितकेच पटापट सोडवतात.

पंचवटीकर:
भीमाशंकर बसले. आता ९ आडवा: 'पाणी', तीन घरे. उदक, सलिल, जीवन, तिन्ही बसतात. मधल्या घरातून उभा जातो: 'आयत्या ___ नागोबा'. आमच्याकडे 'बिळात' म्हणतात.

आडवाउभा:
उभ्याची घरे किती? आणि पाण्याचे मधले घर त्यात कितवे?

पंचवटीकर:
चार घरे. मधले घर त्यातले तिसरे.

मोगरा_सिडको:
मग 'बिळावर'. तिसरे 'व', पाणी म्हणजे जीवन.