मदत हवी आहे: बिटवॉर्डनचा मास्टर पासवर्ड विसरला, वहिनींकडे फक्त View परवानगी

मोठा भाऊ बिटवॉर्डनचा मास्टर पासवर्ड विसरलाय. हिंटवरूनही आठवत नाही. फोनवरचं अ‍ॅप अजून लॉगिन आहे आणि बोटाच्या ठशाने उघडतं, त्यामुळे सगळ्या नोंदी दिसतात. पण एक्सपोर्ट करायला आणि पासवर्ड बदलायला जुना मास्टर पासवर्डच लागतो. कंपनी तो रीसेट करू शकत नाही, कारण तो त्यांच्याकडे नसतोच. त्याने जपून ठेवलेला रिकव्हरी कोडही इथे कामाचा नाही, त्याने फक्त टू-स्टेप लॉगिन बंद होतं. म्हणून अ‍ॅपमधून लॉगआउट करू नकोस, अ‍ॅप काढू नकोस, असं त्याला बजावलंय.

इमर्जन्सी अ‍ॅक्सेसमध्ये वहिनी आहेत, प्रतीक्षा ७ दिवस. पण प्रकार View. म्हणजे त्यांना नोंदी दिसतील, नवा मास्टर पासवर्ड मात्र ठेवता येणार नाही. त्यासाठी Takeover हवं.

लॅपटॉपच्या ब्राउझरवर तो आधी लॉगिन झालेला आहे. तिथे Log in with device निवडून फोनवरून मंजुरी द्यायची, वेब व्हॉल्टमध्ये शिरायचं आणि वहिनींचा प्रकार Takeover करायचा, असा विचार आहे. मग वहिनींची विनंती भाऊच लगेच मंजूर करेल.

हा बदल करताना मास्टर पासवर्ड विचारतात का? कोणी अलीकडे केलंय? शिवाय टेकओव्हरनंतर तो आमच्या फॅमिली ऑर्गनायझेशनमधून बाहेर पडेल, तेव्हा सामायिक नोंदींसाठी मालकाने पुन्हा आमंत्रण दिलं की पुरतं ना? तोवर बँक आणि ईमेलचे पासवर्ड फोनवरून कागदावर उतरवतोय.