छाटणीच्या तोंडावर खातं बंद: वसुली की अडवणूक?

कृषी केंद्र, तासगाव तालुका (१८ ऑक्टोबर)
वितरकाने आमचं खातं होल्डवर टाकलं. द्राक्षाच्या छाटण्या सुरू आहेत, डोळे फुटायला काडीला लावतात त्या पेस्टिंगच्या औषधाची ऑर्डर दिली तर म्हणतात बिलच निघत नाही. मुदत ६० दिवसांची. बिलं अशी: १२ जुलै १,४०,०००, २८ जुलै ९६,०००, २० ऑगस्ट २,१०,०००, ५ ऑक्टोबर १,७५,०००. ६ ऑक्टोबरला १,४०,००० आरटीजीएस केले, तरी '२,३६,००० थकलेत, आधी ते भरा' हेच चालू. लिमिट ८ लाखांचं आणि बाकी ४,८१,०००. लिमिटच्या आत असताना माल रोखायचा ही सरळ अडवणूक आहे.

वसुली बघणारा, सांगली
अडवणूक हा शब्द सहन झाला नाही म्हणून सविस्तर लिहितो. लिमिटच्या आत आहात म्हणून मुदत संपलेलं बिल माफ होत नाही. जुलैच्या बिलांची मुदत १० आणि २६ सप्टेंबरला संपली. त्यावर होल्ड लागणारच.

पण आकडा त्यांचा चुकलाय. तुम्ही १,४०,००० पाठवताना बिल नंबर कळवला नसणार. मग त्यांच्या माणसाने पावती टॅलीत 'ऑन अकाउंट', म्हणजे कुठल्याच बिलावर न लावता, टाकली. एकूण बाकी तेवढ्याने उतरली, पण जुलैचं बिल यादीत उघडंच राहिलं. थकबाकीच्या यादीत बिलं दिसतात, खालची 'ऑन अकाउंट' रक्कम कुणी बघत नाही. आता यूटीआर नंबर आणि 'ही रक्कम १२ जुलैच्या बिलापोटी' एवढं एक ओळीत व्हॉट्सॲपवरही आणि मेलवरही पाठवा. पावती त्या बिलावर लावली की थकबाकी ९६,००० वर येते.

आणि लगेच ९६,००० भरून मोकळे होऊ नका. २० ऑगस्टच्या बिलाची मुदत उद्या, १९ तारखेला संपते. पैसे सोमवार-मंगळवारी पोचले तर तोवर हेही बिल थकलेलं असेल आणि होल्ड तसाच राहील. त्यांच्याकडून लेखी घ्या: अमुक तारखेपर्यंत अमुक रक्कम आली तर होल्ड निघेल, आणि २,१०,००० साठी अमुक तारीख.

कृषी केंद्र, तासगाव तालुका
बिल नंबर कळवला नव्हता, खरं आहे. पण मुदत संपलेल्या कीटकनाशकाचा परत केलेला माल, १८,४०० ची क्रेडिट नोट दोन महिने लटकलीय. ती कोण बघणार? आमचे पैसे थकले की होल्ड, त्यांच्याकडचे थकले की 'कंपनीकडून यायचंय'.

घाऊकवाला, मिरज
क्रेडिट नोटचं निमित्त करून सगळं बिल अडकवणारे दुकानदार रोज भेटतात. १८ हजारांसाठी ९६ हजार का थांबवायचे? वाद आहे तेवढा बाजूला काढा आणि ७७,६०० भरा. परतीच्या मालावर सही-शिक्का असलेलं चलन असेल तर वितरकालाही नाही म्हणता येत नाही. चलनच नसेल तर मग बोलू नका.

कृषी केंद्र, तासगाव तालुका
चलन आहे. 'बोलू नका' कुणाला म्हणताय?

द्राक्ष बागायतदार, कवठेमहांकाळ
आमच्या मोटारीची वीज असंच काही न सांगता तोडली होती. कायद्यात पंधरा दिवसांची लेखी नोटीस लागते. यांनाही ती द्यावीच लागेल ना?

वसुली बघणारा, सांगली
दादा, ते वीज कायद्याच्या कलम ५६ मध्ये आहे, वीज कंपनीपुरतं. खाजगी उधारीत जे ठरलं ते. करारात नोटीस लिहिली नसेल तर कायदा ती मागत नाही. पण बरा वितरक मुदतीच्या आठवडाभर आधी आठवण करतो, मुदत संपल्यावर दुसरी, आणि होल्डच्या दिवशी पत्र देतो. पत्रात थकलेली बिलं नंबरासह, घेतलेल्या ऑर्डरींचं काय होणार, पैसे भरल्यावर यूटीआर कुणाला पाठवायचा आणि किती वेळात खातं उघडेल, एवढं हवंच. 'खातं बंद आहे' एवढाच फोन करायचा, हे मीही चूकच म्हणतो.

कारखानदार, कुपवाड
एवढा काथ्याकूट कशाला? एमएसएमई कायद्यात ४५ दिवस आहेत. वितरकाने तीनपट बँक दराने चक्रवाढ व्याज लावावं, माल रोखायची गरजच नाही.

वसुली बघणारा, सांगली
तुम्ही माल बनवता, तुम्हाला ते लागू आहे. वितरक निव्वळ व्यापारी. जुलै २०२१ पासून व्यापाऱ्याला उद्यम नोंदणी मिळते, पण ती बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती. ४५ दिवसांचं संरक्षण त्यात नाही.

घाऊकवाला, मिरज
मुळात ६० दिवस मान्य करून सही कुणी केली?

कृषी केंद्र, तासगाव तालुका
सही केली, कारण दुसरी मुदत कुणी देतच नाही. ऑक्टोबरात छाटलेल्या बागेचा पैसा शेतकऱ्याच्या हातात फेब्रुवारी-मार्चला येतो, बेदाणा केला तर त्याहून उशिरा. तोवर आम्ही उधार द्यायचं आणि वितरकाला साठाव्या दिवशी मोजायचे? तुम्ही एसीत बसून मुदती ठरवता.

घाऊकवाला, मिरज
कंपनी आमच्याकडून किती दिवसांत घेते ते एकदा विचारा. रोखीची सूट गेली की आमच्या हातात राहतं काय? तुमची उधारी शेतकऱ्याकडे अडकली तो तुमचा धंदा.

द्राक्ष बागायतदार, कवठेमहांकाळ
उधारीच्या मालाला जास्तीचा भाव लावता तुम्ही, मग 'अडकली' कशाला म्हणता? छाटणीनंतर एक-दोन दिवसांत पेस्टिंग झालं नाही तर डोळे मागेपुढे फुटतात. तुमच्या भांडणात आमची बाग पोळते.

कृषी केंद्र, तासगाव तालुका
दादांचं शेवटचं वाक्य खरं आहे. म्हणून पर्याय विचारतो: नव्या मालाचे पैसे रोख पाठवले तर?

वसुली बघणारा, सांगली
पाठवा, पण फसू नका. काही न लिहिता पाठवलेली रक्कम वितरक जुन्या बिलाला लावू शकतो, करार कायद्याचं कलम ६० त्याला ती मुभा देतं. पैसेही गेले, मालही नाही, वरून भांडण. कलम ५९ तुमच्या बाजूचं आहे: पैसे कशापोटी ते स्पष्ट कळवून दिले आणि त्यांनी स्वीकारले, तर तिथेच लावावे लागतात. म्हणून आधी त्यांच्याकडून 'थकबाकी असतानाही रोखीने देऊ' हा होकार लेखी घ्या, प्रोफॉर्मा मागवा, त्याचा नंबर टाकून तेवढीच रक्कम पाठवा. होकार नसेल तर पाठवू नका, कारण माल द्यायलाच हवा असं कलम ५९ म्हणत नाही.

चेक देऊ नका. चेक वटेपर्यंत होल्ड निघत नाही आणि निघूही नये. आरटीजीएस केलं तर त्याच दिवशी काम होतं.

अजून एक. काही ऑफिसांत होल्ड म्हणजे टॅलीत लिमिट १ रुपया करून ठेवतात. पैसे आल्यावर जुनं ८ लाख परत टाकायला विसरतात आणि पुढची दोन बिलं पुन्हा अडतात. होल्ड काढल्याच्या मेलमध्ये लिमिटचा आकडा लिहून मागा.

घाऊकवाला, मिरज
लिमिट ८ लाख परत का द्यायचं? मुदत मोडणाऱ्याचं मी निम्म्यावर आणतो आणि पुढच्या तीन बिलांची वसुली बघतो.

वसुली बघणारा, सांगली
तो तुमचा हक्क, पण होल्ड लावतानाच सांगा. पैसे घेऊन झाल्यावर नवी अट सांगितली की माणूस पुढच्या वेळी पैसे शेवटी तुम्हालाच देतो.

घाऊकवाला, मिरज
सांगतो. पण ६० चे ९० दिवस मी करणार नाही.

कृषी केंद्र, तासगाव तालुका
आत्ता मेल केला: यूटीआर, १२ जुलैचं बिल, परतीच्या चलनाचा फोटो, आणि ७७,६०० उद्या करतो म्हणून. २,१०,००० साठी १० नोव्हेंबर मागितलीय. तेवढ्यावर उघडलं नाही तर पेस्टिंगचा माल दुसऱ्याकडून रोखीने घेईन. आणि ६० दिवसांचा वाद माझ्यासाठी संपलेला नाही, मिरजकर.