परदेशी नोकरीसाठी राजीनामा, नोटीस आणि अनुभवपत्र: तुमचं काय झालं ते सांगा

घणसोलीकर

महापेच्या एका ईपीसी कंपनीत मी आठ वर्षं पायपिंग स्ट्रेसचं काम केलं. अबुधाबीच्या ऑफर लेटरवर सही केली आणि राजीनामा लिहायला बसलो, तर दोन पानं झाली. पहिल्या पानावर आभार, दुसऱ्यावर तक्रारी. बायकोने वाचून विचारलं, "हे एचआरला पाठवतोयस की मला ऐकवतोयस?" मग सगळं खोडून जेवढं उरलं ते ५ ऑगस्टला मेल केलं. मूळ इंग्रजीत होतं, इथे मराठीत देतो.

> विषय: राजीनामा आणि अनुभवपत्राची विनंती
>
> मी सीनियर इंजिनिअर (पायपिंग) या पदाचा राजीनामा देत आहे. परदेशात नोकरी मिळाल्यामुळे हा निर्णय घेतला आहे. नियुक्तिपत्राप्रमाणे ९० दिवसांची नोटीस उद्यापासून धरल्यास माझा कामाचा शेवटचा दिवस ३ नोव्हेंबर येतो. तोवर माझ्याकडची कामे आपण नेमाल त्या सहकाऱ्याकडे सोपवीन.
>
> व्हिसाच्या कागदपत्रांसाठी आजपर्यंतच्या सेवेचे प्रमाणपत्र पंधरा दिवसांत मिळावे. शेवटच्या दिवशी कार्यमुक्तीपत्र आणि अनुभवपत्र मिळावे. अनुभवपत्रात कामाचे स्वरूप लिहावे, त्याचा मसुदा सोबत जोडला आहे.

तारीख स्वतः मोजून लिहिली ते बरं झालं. एचआरच्या मते शेवटचा दिवस ५ नोव्हेंबर, कारण "तीन महिने". नियुक्तिपत्र काढून दाखवलं, त्यात ९० दिवस लिहिलेत. ऑगस्टचे २६, सप्टेंबरचे ३०, ऑक्टोबरचे ३१ आणि नोव्हेंबरचे ३. मान्य केलं.

खरी फजिती वेगळीच होणार होती. तिकडचा रिक्रूटर उत्साही, म्हणाला एंट्री परमिट लगेच काढतो. ते निघाल्यापासून ६० दिवसांत देशात शिरावं लागतं. २० ऑगस्टला निघालं असतं तर १९ ऑक्टोबरला संपलं असतं, आणि मी इथे नोटीसचे पंधरा दिवस मोजत बसलो असतो. मेल करून ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यानंतर काढायला सांगितलं.

आता शेवटचा आठवडा चालू आहे. अनुभवपत्राचं गाडं मात्र अडलंय. तुमच्याकडे काय झालं?

नौपाड्याचे काका

अभिनंदन. आमच्या वेळी, म्हणजे १९९४ साली, ठाणे-बेलापूर रोडवरच्या कारखान्यातून मी कुवेतला गेलो. राजीनामा दोन प्रतींत टाइप करायचा, एक साहेबाच्या टेबलावर आणि दुसरीवर आवक विभागाचा शिक्का तारखेसह. ती प्रत अजून कपाटात आहे. पासपोर्टवर ईसीएनआरचा शिक्का आहे ना ते आधी बघा, नाहीतर विमानतळावरून परत पाठवतात. आमच्याबरोबरच्या एका फिटरला पाठवलं होतं.

घणसोलीकर

काका, पदवीधरांना ती अडचण येत नाही आता. पण शिक्क्याच्या प्रतीचं पटलं. मेल कंपनीच्या आयडीवरून जातो आणि तो आयडी शेवटच्या संध्याकाळी बंद होतो. मी स्वतःच्या जीमेलला प्रत ठेवली होती.

मुंब्रा बायपास

अनुभवपत्र देणं कंपनीला कायद्याने बंधनकारक आहे, घाबरू नका. वकिलाची नोटीस गेली की दोन दिवसांत देतात. आणि नोटीस पूर्ण केली नाहीत तर पगार कापतातच, वर १८ टक्के जीएसटीही लावतात. माझ्या मेहुण्याकडून घेतला.

वागळे इस्टेट

मी एचआरमध्ये आहे, सोळा वर्षं हेच करते. आधी वरच्या मुद्द्याचं. नोटीसच्या वसुलीवर जीएसटी लागत नाही, हे ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाने स्पष्ट झालं. मेहुण्यांचा हिशेब त्याआधीचा असावा. त्याआधी बरेच अकाउंटवाले तो लावायचे. सेवेचं प्रमाणपत्र देण्याची तरतूद जुन्या स्थायी आदेशांत होती, पण ती कामगारांसाठी. डिझाइन इंजिनिअर त्यात बसतो का यावर वकील वाद घालतील, आणि तोवर तुमचं विमान गेलेलं असेल. नोटीस पाठवली की ती फाइल लीगलकडे जाते, मग मला वाटलं तरी मी सही करू शकत नाही.

आता अनुभवपत्र का अडतं ते सांगते. आमच्या सिस्टिममध्ये एकच साचा असतो: अमुक व्यक्ती अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत अमुक पदावर होती, वर्तणूक चांगली, शुभेच्छा. बटण दाबलं की निघतो. हा कागद फायनल सेटलमेंटला जोडलेला असतो, आणि सेटलमेंटला महिना-दीड महिना सहज जातो. म्हणजे तुम्ही तिकडे पोचल्यावर तो मेलवर येतो, त्यात कामाचा उल्लेख नसतो, आणि बदलून हवा तर इथे येऊन बसणारं कोणी नसतं.

म्हणून तुम्ही मागितलेला पहिला कागद महत्त्वाचा. माणूस अजून नोकरीत आहे तोवर "आजपर्यंत कार्यरत आहे" असं प्रमाणपत्र द्यायला सेटलमेंट लागत नाही. त्यात कामाचं स्वरूप घालायलाही कोणाची हरकत नसते, फक्त ते विभागप्रमुखाने लिहून द्यावं लागतं. मला स्ट्रेस ॲनालिसिस म्हणजे काय ते माहीत नाही, मी ते लिहिणार कसं? कर्मचाऱ्याने मसुदा विभागप्रमुखाला पाठवावा, त्यांनी "बरोबर आहे" एवढं एचआरला कळवावं, काम होतं. एकदा हे पत्र आमच्या फाइलला लागलं की शेवटचं अनुभवपत्रही त्याच मजकुरावर निघतं.

तुमचं नेमकं कुठे अडलंय?

घणसोलीकर

पदनामात. माझ्या पेस्लिपवर नुसतं सीनियर इंजिनिअर आहे. तिकडच्या क्लायंटकडे माझा सीव्ही मंजुरीला जातो, आणि त्यांना सीव्हीत लिहिलेलं काम अनुभवपत्रात दिसायला हवं. स्ट्रेस इंजिनिअर म्हणून आठ वर्षं सांगायची आणि कागदावर तो शब्दच नाही, तर मोजतच नाहीत. इथली एचआर म्हणते पदनाम बदलता येणार नाही.

वागळे इस्टेट

ती बरोबर बोलतेय. पदनाम बदललं तर कागद पेस्लिपशी जुळणार नाही, आणि तिकडच्या पडताळणीवाल्याने फोन केला की आम्ही सिस्टिममधलं पदनामच सांगतो. बदल मागूच नका. पदनाम तेच राहू दे, खाली एक वाक्य मागा: "या काळात त्यांनी पायपिंग स्ट्रेस इंजिनिअर म्हणून पुढील प्रकल्पांवर काम केले." प्रकल्पाच्या नावावर गोपनीयतेची अडचण असेल तर "रिफायनरी, पश्चिम भारत" असंही चालतं.

कोपरखैरणे सेक्टर १५

माझं कॅनडाचं. स्थलांतराच्या अर्जाला लागणारं पत्र आणखी तपशिलाचं असतं: पद, कामं, तारखा, आठवड्याचे तास, वार्षिक पगार आणि भत्ते, शिवाय वरिष्ठाचं नाव आणि सही, सगळं लेटरहेडवर. माझ्या कंपनीने तास आणि पगार लिहायला साफ नकार दिला. राजीनामा देताना मी नुसतं "अनुभवपत्र मिळावे" लिहिलं होतं, तर एचआरने दिलं की! त्यांच्या दृष्टीने माझी विनंती पूर्ण झाली. शेवटी टीम लीडने स्वतःच्या सहीने वेगळं पत्र दिलं, त्याला पेस्लिपा आणि नियुक्तिपत्र जोडलं आणि कंपनी का देत नाही याचं एक पान. चाललं, पण दोन महिने पोटात गोळा होता. आणि कामांची यादी सरकारी वर्णनातून जशीच्या तशी उचलू नका. मी आधी उचलली होती, टीम लीड म्हणाला, "हे तू कधी केलंस?"

मुंब्रा बायपास

जीएसटीचं माहीत नव्हतं, मेहुण्याला सांगतो. पण कापतात ते बेसिकवर की ग्रॉसवर?

वागळे इस्टेट

नियुक्तिपत्रात लिहिलं असेल तसं. नुसतं "नोटीसच्या बदल्यात पगार" असेल तर आमच्याकडे ग्रॉस धरतात, शेजारच्या इमारतीतली कंपनी बेसिक धरते. यावर मी दोन्ही बाजूंनी भांडलेले आहे.

तळोजा फेज २

माझा प्रश्न यात बसतो का बघा. मी सहा वर्षं एका मोठ्या कंपनीच्या ऑफिसात बसतोय, पण पगार मनपॉवर एजन्सीकडून येतो. कतारचं बोलणं चालू आहे. राजीनामा एजन्सीला द्यायचा, तर अनुभवपत्रही एजन्सीच देणार, आणि त्यांचं ऑफिस म्हणजे वाशीत दोन टेबलं. त्या कागदावर मी कुठल्या प्रकल्पावर होतो ते नाही. कंपनी म्हणते तुम्ही आमचे कर्मचारीच नाही.

वागळे इस्टेट

कंपनीची एचआर देणार नाही, दिलं तर उद्या तुम्ही कायम करा म्हणून दावा लावाल ही भीती असते. एजन्सीच्या पत्रातच "अमुक कंपनीच्या अमुक कार्यालयात नियुक्त" हे वाक्य घालून घ्या, कंपनीबरोबरच्या वर्क ऑर्डरचा क्रमांक लिहितात का बघा. कतारवाल्यांना ते पुरेल का, ते त्यांनाच आधी विचारा.

नौपाड्याचे काका

पीएफचं कोणी बोललं नाही. माझा पुतण्या गेल्या वर्षी गेला, इथलं सिम बंद केलं, आता पीएफच्या खात्याचा ओटीपी त्याच बंद नंबरवर जातो. कंपनीने नोकरी सोडल्याची तारीखही भरलेली नाही. ती दोन महिन्यांनी आपली आपण भरता येते म्हणे, पण ओटीपीशिवाय कशी भरणार? दर महिन्याला मला फोन करतो, जणू काही सिम माझ्याकडे आहे.

घणसोलीकर

काका, हे डोक्यातच नव्हतं. सिम चालू ठेवतो.

ताजी खबर: विभागप्रमुखांनी काल मसुद्याला होकार दिला, वागळे मॅडमचं वाक्य जसंच्या तसं घातलं. आज संध्याकाळी पत्र हातात आलं, लेटरहेड, सही, शिक्का सगळं आहे. फक्त "पायपिंग स्ट्रेस"चं "पंपिंग स्ट्रेस" झालंय. उद्या परत एचआरच्या दारात.

तळोजा फेज २

एजन्सीवाल्याशी बोललो. "नियुक्त" लिहायला तयार आहे, कंपनीचं नाव लिहायला नाही. म्हणतो करारात मनाई आहे. करार दाखवा म्हटलं तर तोही दाखवत नाही. यातून कोणी पार पडलं असेल तर लिहा, राजीनामा अजून दिलेला नाही.