रविवारचे ३२ किमी: खायचं काय, आणि ताशी किती ग्रॅम
(सोसायटीच्या ‘पहाटेचे पळणारे’ ग्रुपवरून, गुरुवार रात्र)

मंदार (बी-७०४): रविवारी ३२ आहे, म्हणून आत्ताच विचारतो. मागच्या ३० ला २५ व्या किमीनंतर पायच उचलेनात. दम लागला नव्हता, तहानही नव्हती, तरी किमीला सात मिनिटांच्या पेसवरून साडेआठवर आलो. खाल्लं तर सगळं होतं: एनर्जी जेल, खजूर, ओआरएस. जेल बदलून बघू का? दुसऱ्या कंपनीचं कोणी वापरतंय?

वैशालीताई (ए-३०२): कंपनीचं नंतर बघू. आधी सांग, जेल किती, खजूर किती?

मंदार: जेल एक, १५ व्या किमीला. खजूर चार, दोन-दोन करून. ओआरएसची अर्ध्या लिटरची बाटली पूर्ण संपवली.

वैशालीताई: मग हिशोब करू. तुझ्या जेलच्या पाकिटावर मागे बघ, कार्बोहायड्रेट २५ ग्रॅमच्या आसपास असेल. पाकिटाचं वजन बघू नकोस, त्यात पाणीही धरलेलं असतं. साधा खजूर बी काढून १० ग्रॅमचा धरला तर त्यात कार्ब ७ ग्रॅम, म्हणजे चारांचे २८. आता ओआरएस. एक लिटरच्या पाकिटात ग्लुकोज असतं साडेतेरा ग्रॅम. तू अर्धा लिटर प्यायलास, म्हणजे जेमतेम ७. एकूण झाले ६०. पळालास साडेतीन तास. ताशी १७ ग्रॅम पडले.

मंदार: ओआरएसमध्ये फक्त ७??

वैशालीताई: हो. ते जुलाबात गेलेलं पाणी आणि मीठ भरून काढायला बनवलेलं आहे. आतड्यातून मीठ-पाणी आत ओढलं जावं, तेवढ्यापुरतंच त्यात ग्लुकोज घालतात. घाम खूप येत असेल तर जरूर घे, पण खाण्याच्या हिशोबात धरू नकोस.

अमोल (सी-११०१): पण ताई, एवढं खायची गरज काय? माझ्या पोटावर दोन मॅरेथॉनची चरबी आहे 😄

वैशालीताई: दोन नाही, पंचवीसेक मॅरेथॉनची असेल. पण चरबी हळू जळते. बोलत-बोलत पळताना तिचा वाटा मोठा असतो. पेस वाढवला की शरीर साखरेकडे वळतं, आणि साखरेचा साठा छोटा आहे. स्नायू आणि यकृत मिळून साधारण ४०० ते ५०० ग्रॅम, म्हणजे दोन हजार कॅलरीच्या आतबाहेर. मंदार ७० किलोचा आहे. पळताना ढोबळ हिशोब दर किलोला, दर किमीला एक कॅलरी असा असतो. ३० किमीला २१०० झाल्या. त्यातला काही भाग चरबीतून आला म्हणून तो २५ पर्यंत तरी पोचला. दम नाही, तहान नाही, पाय मात्र जड आणि पेस घसरतोय, हे साठा तळाला गेल्याचंच लक्षण आहे. काही जणांची त्या वेळी चिडचिड होते, घड्याळावर बघून साधी वजाबाकी जमत नाही.

अमोल: मंदारला वजाबाकी एरवीही जमत नाही.

मंदार: 🙏 मग ताशी किती?

वैशालीताई: तासाभराच्या पळण्याला काहीच लागत नाही. त्यापुढे दोन-अडीच तासांपर्यंत ताशी ३० ते ६०. अडीच तासांच्या वर ९० पर्यंतही जाता येतं, पण त्याला अट आहे. आतडं एकटं ग्लुकोज तासाला साधारण ६० ग्रॅमच आत घेऊ शकतं. त्याच्यापुढे पाठवलेलं आतड्यातच पडून राहतं आणि मग रस्त्यावर शौचालय शोधावं लागतं. फ्रुक्टोजची वाट वेगळी असते, म्हणून ६० च्या वर जायचं तर दोन्ही मिसळून लागतात. आपल्या वेगाला मला ९० ची गरज वाटत नाही. ४५ पुष्कळ झाले, आणि सवय झाली की ६०.

शिल्पा (बी-२०३): मला जेलचा वासही सहन होत नाही, आणि एकेकाची किंमत बघता घशाखाली उतरतही नाही. नुसत्या केळी-खजुरावर नाही होणार का?

वैशालीताई: आकड्यात होतं. मध्यम केळं सोलून १०० ते १२० ग्रॅम भरतं, त्यात कार्ब २३ ते २७. वेलची केळं निम्मं धर, १२-१३. म्हणजे ताशी ४५ साठी मोठी दोन किंवा वेलची चार. खजूर सहा-सात. साखरेच्या दृष्टीने खजूर जेलच्या तोडीस तोड आहे, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज जवळपास अर्धं-अर्धं, म्हणजे मघाशी म्हटलं ती दोघांची जोडी त्यात आयतीच आहे.

अडतं ते चोथ्यावर. १०० ग्रॅम खजुरात सात-आठ ग्रॅम चोथा असतो. तू चार तासांचे १८० ग्रॅम कार्ब नुसत्या खजुरातून घेतलेस तर पंचवीसेक खजूर होतील आणि त्यातून १८ ग्रॅम चोथा पोटात जाईल, तोही पाय आपटत असताना. केळ्यांचंही तसंच. अमेरिकेत २०१२ साली सायकलस्वारांवर प्रयोग झाला होता, ७५ किमीला एकदा केळी आणि एकदा साखरेचं पेय देऊन. वेळेत फरक पडला नाही, पण केळी खाताना पोट जास्त भरल्यासारखं वाटलं. सायकलवर पोट स्थिर असतं, आपलं नसतं.

म्हणून माझा नेम असा आहे की चावायचं ते पहिल्या निम्म्यात आणि गिळायचं ते नंतर. सुरुवातीला श्वास शांत असतो, चावता येतं. अठ्ठाविसाव्या किमीला खजूर तोंडातच घोळत राहतो.

शिल्पा: म्हणजे शेवटी जेल घ्यावंच लागणार 😒

वैशालीताई: नाही. शेवटच्या निम्म्याला साखर-लिंबू-मिठाचं सरबत बाटलीत ने. ५०० मिलीत ३० ग्रॅम साखर घातलीस की सहा टक्क्यांचं पेय झालं, पोटाला ते चालतं. साखर निम्मी ग्लुकोज, निम्मी फ्रुक्टोजच असते. फक्त बाटली धरून पळायची तयारी हवी.

कुलकर्णी काकू (ए-१०१): अगं खारीक द्या ना पोरांना. आणि शेंगदाण्याची चिक्की. आमच्या वेळी ट्रेकला तेच न्यायचो.

वैशालीताई: काकू, ट्रेकला उत्तमच. पण पळताना खारीक चावेपर्यंत दोन किमी होतात, आणि शेंगदाण्यातलं तेल पोटात रेंगाळतं. चिक्की पळून आल्यावर पाठवा, नक्की संपवू.

जोशी काका (सी-४०२): वैशाली, मला शुगर आहे. सकाळी तासभर चालतो. खिशात खजूर ठेवू का?

वैशालीताई: काका, तासभर चालायला खायची गरज नाही. पण इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी चालू असेल तर साखर एकदम खाली येऊ शकते. तेव्हा सोबत काय ठेवायचं, किती आणि कधी घ्यायचं, हे तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. इथले आकडे तुमच्यासाठी नाहीत.

जोशी काका: ठीक. शनिवारी जाणारच आहे त्यांच्याकडे.

मंदार: ताई, रविवारचं एकदा मांडून द्या ना. पेस सातचाच.

वैशालीताई: ३२ सातने म्हणजे ३ तास ४४ मिनिटं. निघायच्या तासभर आधी केळं किंवा ब्रेड-जॅम, ते या हिशोबात नाही. मग दर अर्ध्या तासाला काहीतरी. पहिला अर्धा तास झाला की तीन खजूर, २० ग्रॅम. एक तास झाला की एक केळं, जरा लहानच घे, २० धरू. दीड तासाला जेल, २५. दोन तासाला पुन्हा तीन खजूर, २०. अडीचला जेल, तीनला जेल. बेरीज १३५.

अमोल: म्हणजे ४५ जमले की. १३५ भागिले ३.

वैशालीताई: इथेच सगळे फसतात. पळणार पावणेचार तास, मग भागायचं पावणेचारने. ३६ पडतात. म्हणून ३ तास २० मिनिटांना आणखी एक जेल. १६० झाले, ताशी ४३. त्यानंतर खाल्लेलं या रनच्या कामाला फारसं येणार नाही.

आणि भूक लागायची वाट बघायची नाही. खाल्लेलं रक्तात यायला दहा-पंधरा मिनिटं तरी जातात, आणि पाय जड झाल्यावर घेतलेलं जेल घसरण थांबवतं, गेलेला पेस परत आणत नाही. मागच्या वेळी तू पहिलं जेल १५ व्या किमीला, म्हणजे पावणेदोन तासांनी घेतलंस. तोवर पोटात होते दोन-चार खजूर.

मंदार: पण १७ वरून एकदम ४३? मागे एका हाफ मॅरेथॉनला दोन जेल लागोपाठ घेतली होती, पोटात नुसतं डुचमळत होतं.

वैशालीताई: पाणी घेतलं होतंस?

मंदार: स्पोर्ट्स ड्रिंक होतं हातात, तेच.

वैशालीताई: मग होणारच. जेल म्हणजे घट्ट पाक. त्याच्यावर साध्या पाण्याचे दीडशे-दोनशे मिली लागतात. वर पुन्हा गोड पेय ओतलं की पाक अजून घट्ट होतो, आतडं उलट शरीरातलंच पाणी खेचून घेतं. पातळ जेल मिळतात, त्यांना पाणी कमी लागतं, पाकिटावर लिहिलेलं असतं. कॅफिन आहे का तेही बघ, चारही जेल कॅफिनची नकोत.

उडीचं म्हणतोस ते मात्र बरोबर आहे. पोटालाही सराव लागतो. या रविवारी ३६ वर थांब: ३ तास २० चं जेल काढून टाक, बाकी तसंच. पोट गप्प राहिलं तर पुढच्या लाँग रनला ४५. मुंबई मॅरेथॉनला पाच आठवडे आहेत, तोवर ५० पर्यंत जाशील. परतीचा पेडर रोडचा चढ ३५ किमीच्या पुढे येतो, तिथे हे कळेल.

शिल्पा: आणि मध्येच डुचमळायला लागलं तर?

वैशालीताई: म्हणजे पोट रिकामं होत नाहीये. त्याच्यावर आणखी काही टाकायचं नाही. दहा मिनिटं वेग उतरव, साध्या पाण्याचे घोट घे, ढेकर येऊन हलकं वाटलं की पुढचा घास निम्मा. ऊन चढलं की हे जास्त होतं, कारण रक्त कातडीकडे जातं आणि पोटाच्या वाट्याला कमी येतं. म्हणून पावणेपाचला निघू, साडेआठच्या आत आटपेल.

अमोल: ४:४५ + ३:४४ = ८:२९. मला जमते वजाबाकी.

मंदार: ती बेरीज आहे.

वैशालीताई: उपवनची आठ किमीची फेरी चार वेळा मारू, म्हणजे दर फेरीला गेटवर येतो. टेबल वॉचमनच्या केबिनजवळ लावते. केळी मी आणते, पिवळीधमक, साल ठिपकेदार झालेली. हिरवट नको, त्यात पिठूळपणा जास्त आणि पोटाला जड. खजूर ज्याचे त्याने आणा, शनिवारी रात्रीच बी काढून उभे दोन तुकडे करा आणि आत नीट बघा, कधी कधी किडे असतात. डबीत नको, छोट्या झिप पिशवीत, तीन-तीन वेगळे.

शिल्पा: सरबताच्या दोन बाटल्या माझ्या टेबलावर ठेव, नाव लिहून देते. अमोल, हात लावायचा नाही.

अमोल: मी १० किमीच पळणार आहे. मला काही लागत नाही असं ताईच म्हणाल्या.

कुलकर्णी काकू: चिक्की साडेआठला गेटवर पाठवते. तिळाची पण करू का?