‘अंगावर घेणे’ इंग्रजीत कसं न्यावं?

लिंबूटिंबू: सासऱ्यांनी स्टोअरमधल्या जुन्या सहकाऱ्यासाठी लिंक्डइनची शिफारस मराठीत लिहिली आहे, इंग्रजी मी करतेय. अडले ते वाक्य असं: ‘मार्चच्या मोजणीत बेअरिंगचे ३६० नग जास्त निघाले, तेव्हा त्यांनी ते प्रकरण अंगावर घेतलं आणि तडीस नेलं.’ अंगावर घेणे म्हणजे ‘टुक रिस्पॉन्सिबिलिटी’ ना?

खडूफळा: बरोबर. नाहीतर ‘टुक फुल ओनरशिप’ लिहा, लिंक्डइनवर तेच चालतं.

बिनकार्ड: अर्थ बरोबर, पण इथे घात करेल. गोंधळाबद्दल ‘टुक रिस्पॉन्सिबिलिटी’ म्हटलं की वाचणाऱ्याला वाटतं, चूक यांचीच होती आणि यांनी ती कबूल केली. मराठीतही ‘चूक अंगावर घेतली’ म्हणजे तेच. ‘काम अंगावर घेतलं’ वेगळं, त्याला ‘टुक इट ऑन’ पुरे. ‘ओनरशिप’ तर अर्ध्या प्रोफाइलींवर असते, त्यातून माणूस दिसत नाही. नग जास्त का निघाले, ते सासऱ्यांना विचारा. वाक्याचा जीव तिथे आहे.

मोगरा: आमच्याकडे बाळाला अंगावर घेणे म्हणजे पाजणे हो! मी शीर्षक वाचून तेच समजले.

लिंबूटिंबू: विचारलं. ४० खोकी आली होती, एकेका खोक्यात १० नग. आवक मात्र ‘४० नग’ अशी चढली. म्हणून पुस्तकात ४० आणि मांडणीवर ४००. त्यांनी जुनी चलनं काढून ते शोधलं.

बिनकार्ड: मग हेच लिहा: ‘टुक ऑन द मिसमॅच अँड ट्रेस्ड इट टू फॉर्टी बॉक्सेस बुक्ड अॅज फॉर्टी पीसेस.’ आता विशेषण लागतच नाही. आणि ‘त्यांनी’ म्हणजे बाई की पुरुष? मराठीत ‘त्यांनी शोधलं’ मध्ये कळत नाही, इंग्रजीत ‘ही’ की ‘शी’ ठरवावं लागतं. अंदाजाने लिहू नका.

लिंबूटिंबू: बाई आहेत! मी ‘ही’ लिहून बसले होते.

खडूफळा: तडीस नेलं, हे कुठे गेलं?

बिनकार्ड: ‘ट्रेस्ड’ मध्ये आलं.

खडूफळा: नाही आलं. शोधणं वेगळं, तडीस नेणं वेगळं. नोंद दुरुस्त झाली का? झाली असेल तर ‘अँड गॉट द एंट्री करेक्टेड’ जोडा.

बिनकार्ड: हे मान्य. पण झाली असेल तरच.

लिंबूटिंबू: पुढे आणखी एक आहे, ‘स्टोअर सांभाळलं’. ‘मॅनेज्ड’ लिहू?

बिनकार्ड: त्या मॅनेजर होत्या का? नसतील तर ‘मॅनेज्ड’ने हुद्दा चढतो. रजेच्या काळात पाहिलं असेल तर ‘रॅन द स्टोअर व्हाइल आय वॉज ऑन लीव्ह’.

लिंबूटिंबू: बाबा म्हणतात, ‘मी नसताना सगळं तीच बघायची, हुद्दा क्लार्कचाच.’ नोंदीचं संध्याकाळी विचारते, आत्ता झोपलेत.