मदत हवी आहे: करमाळा तालुक्याचे क्षेत्रफळ, लोकसंख्या आणि गावांची यादी अधिकृतपणे मागण्यासाठी पत्र कोणाच्या नावे लिहावे?

नमस्कार. मी सोलापुरात राहतो. करमाळा तालुक्यावरील माहितीपुस्तिकेसाठी मला तालुक्याचे क्षेत्रफळ, लोकसंख्या आणि गावांची यादी सही-शिक्क्यासह हवी आहे. २०११ ची जिल्हा जनगणना पुस्तिका मी पाहिली आहे, त्यामुळे लोकसंख्येची फारशी अडचण नाही. अडचण यादीची आहे. तोंडी विचारल्यावर एका कार्यालयातून मला ग्रामपंचायतींची यादी मिळाली. पण एका गट ग्रामपंचायतीत दोन-तीन महसुली गावे असू शकतात, तर जनगणनेच्या यादीत वस्ती नसलेली ओसाड गावेही धरलेली असतात, म्हणून या दोन याद्या जुळत नाहीत. त्यातच उजनीच्या जलाशयात बुडालेल्या गावांचे पुनर्वसन झाल्यामुळे जुने आणि नवे गावठाण वेगवेगळे मोजले आहे की एकच, हेही कळत नाही.

पत्राच्या मसुद्यात मी असे लिहिले आहे: ‘आजच्या तारखेस अस्तित्वात असलेल्या महसुली गावांची नावे, प्रत्येकाचे भौगोलिक क्षेत्र हेक्टरमध्ये आणि २०११ चा जनगणना ग्राम संकेतांक द्यावा.’ माहिती अधिकाराचा अर्ज मी तूर्त टाळतो आहे, कारण आपल्या राज्याच्या नियमांनुसार त्यात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे.

हे पत्र जिल्हाधिकारी कार्यालयाच्या महसूल शाखेला, जिल्हा सांख्यिकी कार्यालयाला की भूमी अभिलेखाच्या जिल्हा अधीक्षकांना लिहावे, आणि तिन्ही बाबी एकाच पत्रात मागितल्यास ते पुढे सरकेल का?