मदत हवी आहे: पश्चिमेची बाल्कनी, टीव्ही कोणत्या भिंतीवर लावू आणि युनिटच्या खणात किती जागा सोडू?

सुरभी_पाथर्डी

नमस्कार. नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ नवीन फ्लॅट घेतलाय, फर्निचरचं काम सुरू आहे. हॉल पूर्व-पश्चिम 16 फूट लांब आणि 11 फूट रुंद आहे. पश्चिमेच्या भिंतीत बाल्कनीचा 7 फुटी सरकता काचेचा दरवाजा. बिल्डरने टीव्हीचा पॉइंट पूर्वेच्या भिंतीवर दिलाय, म्हणजे बाल्कनीच्या बरोबर समोर. टीव्ही 55 इंची आहे आणि त्याची रुंदी साधारण 48 इंच भरते.

मिस्त्री म्हणतात, पूर्वेच्याच भिंतीवर प्लायचं युनिट करून मधे 51 बाय 31 इंचांचा खोल खण ठेवू. टीव्ही आत बसला की भिंतीच्या रेषेत दिसेल आणि चारही बाजूंनी साधारण इंच-दीड इंच फट राहील. खाली सेट टॉप बॉक्ससाठी दाराचा कप्पा.

मला दोन शंका आहेत. संध्याकाळी बाल्कनीतून इतका उजेड येतो की पडद्यावर काही दिसेल का? आणि एवढ्याशा फटीत टीव्ही तापणार नाही का? सासरे दिवसभर घरी असतात, टीव्हीचा सगळ्यात जास्त वापर त्यांचा. सोमवारी प्लाय कापायला घेणार आहेत, त्याआधी ठरवायचंय.

प्रशांत_के

ताई, एवढी काळजी करू नका. उजेडाचं म्हणाल तर बाल्कनीला जाड ब्लॅकआऊट पडदा लावा, प्रश्न मिटला. आणि तापण्याची भीती पिक्चर ट्यूबच्या जुन्या टीव्हीला होती. आताचे एलईडी हात लावला तरी कोमट लागतात. इंचभर फट पुष्कळ झाली.

मीनल_गंगापूररोड

आमचा टीव्ही बेडरूममध्ये खिडकीच्या शेजारी त्याच भिंतीवर आहे, म्हणजे बघताना खिडकी डोळ्यांसमोर येते. पडद्यावर खिडकी दिसत नाही हे खरं, पण दुपारी मालिका बघितली की माझं डोकं दुखतं. चित्र अंधारं वाटतं म्हणून ब्राइटनेस वाढवला, तरी फरक नाही. सुरभी, तुम्ही टीव्ही पश्चिमेच्या भिंतीवर न्यायचा विचार करत असाल तर करू नका एवढंच सांगते.

सिडकोतला_मेकॅनिक

टीव्ही दुरुस्तीचं काम करतो, म्हणून सविस्तर लिहितो.

मीनलताईंचा त्रास खरा आहे. खिडकीतला उजेड थेट डोळ्यात येतो, त्यामुळे बुबुळ आकसतं आणि पडदा काळपट वाटतो. ब्राइटनेस वाढवून तो भरून निघत नाही. सुरभीताईंकडे उलटं होईल: दरवाजा समोर, म्हणून पडद्यात अख्खी बाल्कनी दिसेल. दोन्ही टाळायचं तर खिडकी टीव्हीच्या बाजूला पाहिजे, म्हणजे टीव्ही दक्षिणेच्या किंवा उत्तरेच्या लांब भिंतीवर.

या दोन्हींतही फरक आहे. आपल्याकडे हिवाळ्यात सूर्य नैर्ऋत्येकडे मावळतो, म्हणून पश्चिमेच्या दारातून आलेली तिरीप उत्तरेच्या भिंतीवर पडते, आणि तेव्हा ऊन खाली उतरलेलं असल्याने बाल्कनीचा स्लॅब ते अडवत नाही. टीव्ही उत्तरेला लावला तर थंडीत रोज दुपारनंतर ऊन थेट पॅनेलवर येईल. दक्षिणेच्या भिंतीला एप्रिल-मेमध्ये मावळतीच्या सुमारास थोडी तिरकी तिरीप चाटून जाईल, तेवढंच. म्हणून माझं मत दक्षिणेच्या भिंतीला.

पण मत घेऊन थांबू नका, आरसा लावून बघा. घरातला हातात मावेल असा आरसा घ्या. एकाने तो भिंतीवर सपाट धरायचा, टीव्हीचे चार कोपरे येतील तिथे एकेक करून. दुसऱ्याने घरचे जिथे बसणार तिथे खुर्ची टाकून, डोळ्यांच्या उंचीवरून आरशात बघायचं. आरशात जे दिसेल तेच बंद टीव्हीत दिसेल. बाल्कनी दिसली तर तो कोपरा त्या खुर्चीसाठी वाईट. संध्याकाळी पाचच्या सुमारास बघा, मग रात्री ट्यूबलाइट लावून पुन्हा एकदा.

प्रशांतभाऊ, पडद्याने काम होतं, पण घरात दिवसभर माणूस असताना 7 फुटी दार काळोख करून बंद ठेवायचं, हे किती दिवस चालेल? झिरझिरीत पडदा तर उजेड नुसता पसरवतो, प्रतिबिंब फिकट होतं पण जात नाही. तापण्याबद्दल रात्री लिहितो, आता दुकानात गिऱ्हाईक आहे.

ध्रुव_एन

11 फुटांच्या रुंदीत 55 इंची छोटा वाटेल. माझ्याकडे 65 आहे, मस्त दिसतो. बदलून मिळत असेल तर बघा.

सुरभी_पाथर्डी

ध्रुव, टीव्ही घेऊन झालाय. सोफा उत्तरेच्या भिंतीला ठेवला तर डोळ्यांपासून 8-9 फूट अंतर राहतं, आम्हाला पुरेसं आहे.

मेकॅनिकदादा, तुमची आरशाची युक्ती आजच करून बघितली. पूर्वेच्या भिंतीवर कुठेही धरला तरी बाल्कनी दिसते, सोफ्याच्या सगळ्या जागांवरून. दक्षिणेच्या भिंतीवर मधोमध धरला तर सोफ्याच्या मधून आणि पश्चिमेच्या टोकाकडून काही दिसत नाही. पण पूर्वेच्या टोकाला, जिथून बाथरूम जवळ आहे, तिथे सासऱ्यांची आरामखुर्ची येणार. तिथे बसलं की टीव्हीच्या बाल्कनीकडच्या कडेला दाराची एक चकचकीत पट्टी दिसते. त्यांना जागा बदला म्हणणं बरं वाटत नाही.

सिडकोतला_मेकॅनिक

बरोबर. खुर्ची बाल्कनीपासून जितकी लांब, तितकं टीव्हीच्या बाल्कनीकडच्या कडेत दार दिसायची शक्यता जास्त. यावर दोन उपाय आहेत. एक, टीव्ही मधोमध न लावता बाल्कनीपासून फूट-दोन फूट पूर्वेला सरकवा. आरसा तेवढाच सरकवून बघा, पट्टी गेली तर काम झालं. दुसरा उपाय म्हणजे पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे वळणारा स्टँड. टीव्ही जितका वळवाल, प्रतिबिंब त्याच्या दुप्पट हलतं. सासऱ्यांच्या खुर्चीकडे 10 अंश वळवला तर पडद्यातलं दृश्य 20 अंश सरकतं, आणि दाराच्या जागी सोफ्यामागची भिंत दिसू लागते.

आता मिस्त्रींचा खण. खोल खणात टीव्ही बसवला की तो वळणार नाही, आणि हवाही कोंडणार. म्हणून खण करूच नका. भिंतीवर सपाट पॅनेल करा, 18 मिमी प्लायला सनमायका, आणि टीव्ही त्याच्या पुढे स्टँडवर उभा राहू द्या. स्टँडचे बोल्ट मात्र प्लायमधून आरपार भिंतीत गेले पाहिजेत, नुसत्या प्लायवर 55 इंची टांगायचा नाही.

प्रशांतभाऊ म्हणतात ते अर्धं खरं आहे. एलईडी कमी तापतो, पण 55 इंची टीव्ही चालू असताना 100 वॉटच्या आसपास वीज खातो आणि ती बहुतेक सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. पंखा नसतो. खालच्या फटींतून गार हवा आत, वरच्या फटींतून गरम हवा बाहेर, एवढ्यावरच तो थंड राहतो. वरची फळी टीव्हीला टेकली की गरम हवा तिथेच घोटाळते आणि तीच पुन्हा आत ओढली जाते. बहुतेक मॅन्युअलमध्ये खोलीचं तापमान 40 अंशांपर्यंत चालेल असं दिलेलं असतं आणि चारही बाजूंनी 10 सेंमीच्या आसपास मोकळी जागा मागितलेली असते, काही कंपन्या डोक्यावर याहून जास्त मागतात. नाशिकला मेमध्ये पश्चिमेचा हॉल दुपारी 36-37 वर जातोच. म्हणजे खणात तीन-चार अंश वाढायला वाव उरतो, तेवढे बंद खणात सहज वाढतात.

माझ्याकडे असे टीव्ही येतात. आधी चित्र मधेच अंधारं होतं, मग आपोआप बंद होऊन पुन्हा चालू होतो, पुढे पडद्यात एखादा काळा डाग, म्हणजे मागची एलईडी पट्टी गेलेली. लोकांना वाटतं व्होल्टेजचा प्रश्न आहे.

वास्तू_आणि_लाकूड

सातपूरला फर्निचरचा कारखाना आहे, मी मिस्त्रींच्या बाजूने थोडं बोलतो. खण केला की वायरी लपतात आणि युनिट भरीव दिसतं, गिऱ्हाईकच तो मागतं. कुणाला खणच हवा असेल तर दोन्ही बाजूंना आणि वर 4-4 इंच सोडा, म्हणजे या टीव्हीला खण 56 इंच रुंद लागेल. शिवाय वरची फळी भिंतीपर्यंत न नेता मागे दोन इंचांची फट ठेवायची आणि तशीच खाली. वरची फट उघड्यावर निघाली पाहिजे, बंद लॉफ्टमध्ये नाही. पण टीव्ही वळवायचा असेल तर मेकॅनिकभाऊंचं सपाट पॅनेलच योग्य.

सेट टॉप बॉक्सच्या कप्प्याला लाकडी दार नको. तो बॉक्सही तापतो आणि लाकडातून रिमोट चालत नाही. दाराला जाळी बसवा, मागे हात जाईल एवढं भोक, आणि बॉक्सवर वायफायचा राउटर ठेवू नका.

प्रशांत_के

आमच्याकडे चार वर्षं इंचभर फटीत चालतोय, अजून काही झालं नाही. पण आमचं युनिट वरून उघडं आहे, वर फळी नाही, हे आता लक्षात येतंय.

सिडकोतला_मेकॅनिक

म्हणूनच चालतोय. तुमची गरम हवा वर निघून जाते.

सुरभी_पाथर्डी

मिस्त्रींशी बोलले. सपाट पॅनेलला तयार आहेत, खाली जाळीच्या दाराचा कप्पा, वर काही नाही. टीव्ही दीड फूट पूर्वेला सरकवून आरसा धरला तर सासऱ्यांच्या खुर्चीतून फक्त बोटभर पट्टी राहते, ती स्टँड वळवून जाईल असं वाटतं.

आता नवी अडचण. टीव्हीचा पॉइंट पूर्वेच्या भिंतीत आहे आणि इलेक्ट्रिशियन म्हणतोय की दक्षिणेची भिंत काँक्रीटची असेल तर खाच मारता येणार नाही. बिल्डरच्या माणसाने अजून नक्की सांगितलं नाही. कुणाला अनुभव आहे का?

वास्तू_आणि_लाकूड

काँक्रीट असेल तर खाच मारूच नका, आत सळया असतात. पॅनेलमागे दीड इंचाची लाकडी पट्टी टाकून पोकळी ठेवा, वायर पाइपमधून त्या पोकळीत आणा. पूर्वेच्या भिंतीपासून पॅनेलपर्यंतचं अंतर स्कर्टिंगलगत केसिंग पट्टीतून काढता येईल. सॉकेट टीव्हीच्या मागे लपेल असं घ्या, आणि त्याचा प्लग टीव्हीच्या पाठीला टेकणार नाही हे मोजून घ्या.

सिडकोतला_मेकॅनिक

आणि स्टँडसाठी भिंत कसली आहे ते मला कळवा. काँक्रीट असेल तर साधा अँकर बोल्ट पकडतो, एएसी ब्लॉक असेल तर तो सुटतो, तिथे वेगळा लागतो. एका कोपऱ्यात बारीक ड्रिल मारून बघा: पांढरट, भुसभुशीत भुकटी आली तर ब्लॉक, करडी आणि ड्रिल अडखळलं तर काँक्रीट.